तो हो म्हणाला, आता कॅप्शन कसं लिहू?

प्रश्न: मी माझ्या मित्राला लग्नाचं विचारलं आणि तो हो म्हणाला. आता फोटोसोबत इन्स्टाग्रामवर कॅप्शन टाकायचंय, आणि त्यात त्याला ठाऊक नसलेली माझी धाकधूक यायला हवी. अंगठीचं माप चोरून घेतलं, ती माझ्या चष्म्याच्या डबीत लपवली, सूर्यास्ताआधी टेकडीवर पोचायची घाई, पाठ केलेलं भाषण ऐनवेळी विसरले, बहीण झुडपामागे कॅमेरा घेऊन बसलेली. वर जाताना भुरभुर पाऊस आला. त्याने चष्मा पुसायला फडकं मागितलं तेव्हा तर माझा जीवच गेला. मी नाही म्हटलं, त्याने शर्टाने पुसला. (डबी उघडली तेव्हा तो आधी म्हणाला, 'म्हणजे फडकं होतं तुझ्याकडे!' मग हो म्हणाला.) मी लिहायला बसले की एकतर यादी होते, नाहीतर गोडमिट्ट होतं. आत्ताचा मसुदा असा आहे: 'अखेर तो हो म्हणाला! कित्येक महिन्यांची तयारी, अंगठी, पाऊस, भीती आणि तू. हा क्षण शब्दांत मांडता येणार नाही.' काय बदलू?

उत्तर: सगळ्यात आधी अभिनंदन, दोघांचंही. आणि एक सांगते, तुमचं कॅप्शन तुम्ही लिहून ठेवलेलंच आहे. फक्त ते मसुद्यात नाही, तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यात आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे मजकूर लिहून देणं आणि तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात हे नेहमी दिसतं की माणसं ज्याला महत्त्वाचं समजतात ते ठळक लिहितात, आणि खरी गोष्ट जाता जाता कंसात सांगून मोकळी होतात.

यादी का होते, तिथून सुरुवात करू. तुमच्या डोक्यात ती तयारी एका साखळीसारखी आहे. माप, अंगठी, डबी, वेळ, बहीण, भाषण, यातलं एक जरी निसटलं असतं तरी बेत फिसकटला असता, म्हणून तुम्हाला सगळ्या कड्या सारख्याच जड वाटतात. वाचणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो आधी फोटो बघतो, फोटोत बोटात अंगठी आहे आणि दोन चेहरे हसतायत. म्हणजे शेवट काय झाला हे कॅप्शनचं पहिलं अक्षर वाचायच्या आधीच त्याला कळलेलं असतं. 'तो हो म्हणेल का' ही उत्सुकता संपली. मग उरतं काय? 'त्याला कसं कळलं नाही' एवढंच. आपलं कॅप्शन त्या एकाच उत्सुकतेवर उभं राहतं, आणि म्हणून सगळी तयारी सांगायची गरज नसते. बेत उघडा पडता पडता वाचला, अशी एक जागा पुरते.

ती जागा कशी शोधायची? त्या दिवसाचं जे जे आठवतं ते कागदावर उतरवून काढा, क्रमाची पर्वा न करता. मग प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी तपासा. एक, त्या वेळी तो तुमच्या जवळ होता का? दोन, त्याने काही केलं किंवा बोललं म्हणून तुमची तारांबळ उडाली का? माप घेताना तो तिथे नव्हता. बहीण झुडपात बसली तेव्हाही नव्हता. घाई होती, पण ती घड्याळाची होती, त्याने काही केलं म्हणून नव्हे. भाषण तुमच्या मनात होतं, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही कसोट्यांना उतरते ती एकच ओळ: त्याने फडकं मागितलं. तो शेजारी उभा आहे, मागतोय ती वस्तू अगदी साधी आहे, आणि ती नेमकी अंगठीखाली आहे. त्याला काहीच माहीत नाही आणि तुम्हाला सगळं माहीत आहे. असं काही हाती लागलं की बाकीची यादी बिनदिक्कत बाजूला ठेवा.

पहिली कसोटी मी फार काटेकोरपणे पाळते. विचारणाऱ्याची तयारी म्हणजे पुष्कळदा एकट्याचाच उद्योग असतो, आणि एकट्याच्या उद्योगाचं वर्णन लांबलं की कॅप्शन 'मी तुझ्यासाठी किती केलं' असा हिशेब मांडू लागतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, पण वाचताना ते तसंच येतं. तो जवळ असलेला प्रसंग निवडला की हा धोका आपोआप टळतो, कारण मग तो गोष्टीत नुसता बक्षीस घेणारा उरत नाही. तो चालतो, बोलतो, काही मागतो.

आता धाकधूक. 'काळीज धडधडत होतं', 'हात थरथरत होते', 'पोटात गोळा आला' हे सगळं खरं असतं, मला शंका नाही. पण ते प्रत्येकाच्या बाबतीत खरं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. घाबरलेल्या माणसाला काय वाटलं हे सांगण्यापेक्षा घाबरून त्याने काय केलं ते सांगावं. तुम्ही काय केलंत? खोटं बोललात. फडकं नाही म्हणालात, आणि त्याला ठिपक्यांनी भरलेल्या काचांमधून बघत टेकडी चढायला लावलीत. भीती हा शब्द कुठेही न येता ती पुरेपूर दिसते. आणखीही काही केलं असेल तर आठवून बघा. बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलीत का, त्याच्यापासून लांबच्या बाजूला? तो बोलत असताना भलतंच उत्तर दिलंत का? त्याने तुम्हाला काही विचारलं का? घाबरलेल्या माणसाचं वागणं शेजारच्याला विचित्र दिसतं आणि तो सहसा काहीतरी विचारतोच. 'बरं नाही का वाटत', 'एवढी गप्प का', असलं काही. ते वाक्य सापडलं तर सोनं आहे. त्याचंच वाक्य, त्याला ते कदाचित आठवतही असेल, आणि वाचताना त्याला पहिल्यांदाच कळेल की आपण तेव्हा नेमकं काय विचारलं होतं.

इथे एक पथ्य. आठवत नसेल तर वाक्य रचू नका. साक्षीदार तिथेच होता आणि हेच कॅप्शन तो सगळ्यात आधी वाचणार आहे. एक जरी वाक्य बनवलेलं आहे हे त्याच्या लक्षात आलं तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही सावट येतं. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की शक्य झालं तर त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी, टिपणं काढून ठेवा. आपण ती गोष्ट नातेवाइकांना, मैत्रिणींना फोनवर सांगायला लागतो, आणि प्रत्येक वेळी सांगताना ती थोडी गुळगुळीत होते. आठवडाभराने उरते ती सांगून सांगून बसलेली आवृत्ती, आणि फडक्यासारख्या गोष्टी तिच्यातून हमखास गळतात. तुमच्याकडे टिपणं नसतील तर बहिणीला विचारा. ती लांबून बघत होती, त्यामुळे तिला शब्द ऐकू आले नसतील, पण कोण कुठे उभं होतं, तो वाकला की बसला, हे तिला तुमच्यापेक्षा नीट आठवत असेल.

'तू' म्हणायचं की 'तो', हा पुढचा निर्णय. तुमच्या मसुद्यात दोन्ही आहेत. सुरुवातीला 'तो हो म्हणाला', आणि पुढच्याच वाक्यात 'आणि तू'. वाचणाऱ्याला क्षणभर कळत नाही की तुम्ही कुणाशी बोलताय. दोन्ही चालतं, पण एक धरून ठेवायला हवं. 'तो' घेतलं तर तुम्ही जगाला गोष्ट सांगताय, थोडी मोकळीक मिळते, त्याच्याबद्दल माहिती देता येते. 'तू' घेतलं तर त्याच्याशी बोलताय आणि बाकीचे ऐकतायत. मग त्याला माहीत असलेलं त्यालाच सांगणं विचित्र वाटतं. 'तू माझ्या आयुष्यात आलास', 'आपण इतकी वर्षं एकत्र आहोत', हे त्याला ठाऊक आहे. उलट जे त्याला ठाऊक नव्हतं तेच सांगायचं असेल तर 'तू' फार चांगलं बसतं, आणि तुमची सगळी गोष्ट त्याला ठाऊक नसलेलीच आहे. शिवाय 'मागितलंस', 'पुसलास', 'म्हणालास' या क्रियापदांतच तो येऊन बसतो, वेगळं 'तू, तू' करावं लागत नाही. तुम्ही 'तू' घ्या.

आणि वाक्यं साध्या भूतकाळात ठेवा. मागितलंस, म्हटलं, उघडली. 'मागत होतास', 'मला वाटत होतं', 'होत होतं' अशी रांग लागली की गोष्ट जागच्या जागी घुटमळते.

आता होकाराबद्दल. 'अखेर तो हो म्हणाला' यातलं 'अखेर' काढून टाका, कितीही आवडत असलं तरी. तुम्हाला त्यातून स्वतःची दीर्घ तयारी सांगायची आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं की तो बरेच दिवस नाही नाही म्हणत होता आणि शेवटी कंटाळून तयार झाला. होकार हे त्याचं वाक्य आहे, तुमच्या मेहनतीचं फळ म्हणून ते मांडलं की त्याचा वाटा कमी होतो. जो होकार देतो त्याच्या तोंडून नेमके कुठले शब्द आले ते जसेच्या तसे द्यावेत. बहुतेकांचं पहिलं वाक्य 'हो' नसतंच. कुणी म्हणतं उठ आधी, कुणी म्हणतं थट्टा करतोयस ना, कुणी नुसतंच नाव घेतं. पहिलं वाक्य ऐकलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. तुमचा माणूस म्हणाला, 'म्हणजे फडकं होतं तुझ्याकडे!' याहून चांगला शेवट मी बसून रचू शकले नसते. फडकं ज्या ओळीत लपलं, त्याच फडक्यावर गोष्ट उलगडते, आणि 'हो' हा शब्द त्याच्या मागोमाग एका अक्षरात येऊन जातो. त्याला सजवू नका.

कॅप्शनच्या जागेचा विचार आत्ता, कारण पहिली ओळ त्यावर ठरते. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत जागा मिळते, पण लोक स्क्रोल करत असताना त्यातली साधारण पहिली 125 अक्षरंच दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. देवनागरीत काना, मात्रा आणि अर्ध्या अक्षराचा मोडलेला पाय या सगळ्या खुणा संगणकाच्या हिशेबी स्वतंत्र असतात. 'फडक्यावर' हा आपल्याला पाच अक्षरी दिसणारा शब्द तिथे आठ खुणांचा होतो. म्हणून पहिली ओळ बारा-पंधरा शब्दांच्या आत आटोपावी. 'अखेर तो हो म्हणाला' ही ओळ या जागेत वाया जाते, कारण ती फोटोने आधीच सांगितली आहे. तिथे फडकं आणा.

एवढं सगळं जुळवून तुमच्याच तपशिलांतून मी असं लिहीन:

> फडकं मागितलंस तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, घरी राहिलं.
>
> भुरभुर सुरू झाली होती आणि तुझा चष्मा ठिपक्यांनी भरला होता. फडकं माझ्या चष्म्याच्या डबीत होतं, डबी बॅगेत, आणि फडक्यावर अंगठी. तू शर्टाच्या टोकाने काचा पुसल्यास आणि पुढे चालू लागलास.
>
> [इथे त्याचं वाक्य, आठवत असेल तर.]
>
> उरलेला चढ मी मनात एक भाषण म्हणत चढले. वर पोचले तेव्हा त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा उरलं नव्हतं. म्हणून नुसतीच डबी उघडली.
>
> तू वाकून पाहिलंस आणि म्हणालास, 'म्हणजे फडकं होतं तुझ्याकडे!'
>
> मग हो म्हणालास.
>
> (फोटो: माझी बहीण, झुडपामागून.)

यात काही जागा मी अंदाजाने भरल्या आहेत. 'घरी राहिलं' हेच म्हणालात की आणखी काही, तो वाकला की नाही, तुम्ही मनात भाषण नेमकं चढावरच म्हणत होतात का, हे तुम्ही तपासा आणि जे खरं घडलं ते घाला. कंसातली जागा रिकामी राहिली तर ओळ गाळा, गोष्ट तुटत नाही.

माप चोरणं आणि सूर्यास्त यात आलेले नाहीत, हे तुम्हाला खटकेल. माप घेण्याची गोष्ट चांगली आहे, पण ती आली की फडक्याआधी आणखी एक लपवाछपवी सांगावी लागते आणि फडक्याचा जोर अर्धा होतो. सूर्यास्त फोटोत असेल तर तो तिथे दिसतोच, नसेल तर तुमच्या गोष्टीला त्याची गरज पडली नाही. भाषण मात्र मी ठेवलं, एवढ्याचसाठी की डबी न बोलता का उघडली हे कळायला ते लागतं. तपशील ठेवायचा की नाही हे असंच ठरवा. तो काढला तर पुढची ओळ अडखळते का? अडखळत नसेल तर तो जाऊ द्या.

गोडमिट्टपणाचं वेगळं सांगायला नको, वरच्या मजकुरात प्रेम हा शब्द एकदाही नाही आणि तुम्हाला तो कमी पडला असं वाटणार नाही. शेवटी 'माझ्या जोडीदारा, आयुष्यभर असाच राहा' असं काही जोडायचा मोह होईल. 'मग हो म्हणालास' यानंतर एकही वाक्य नको. 'शब्दांत मांडता येणार नाही' हेही काढा, तुम्हाला ते मांडता आलेलं आहे.

टाकण्याआधी दोन कामं राहतात. पहिलं, त्याला वाचायला द्या. विचारणं हे तुमचं गुपित होतं, आता ही गोष्ट दोघांची आहे, आणि तिच्यात तो धूसर काचांमधून चालताना, गोंधळलेला दिसतो. बहुतेकांना ते आवडतं. काहींना चारचौघांत भोळं दिसणं आवडत नाही. एखाद्या ओळीवर तो थबकला तर कारण न विचारता ती ओळ बदला. त्याच वेळी हेही विचारा की त्याच्या बाजूच्या कुणाला अजून सांगायचं राहिलंय का. आई-वडील, आजी-आजोबा, जवळचा मित्र. यांना बातमी फोटोतून कळली की मन दुखावतं, आणि नंतर फोन करून ते भरून निघत नाही. बहिणीलाही विचारा, तिचं नाव जोडलेलं तिला चालेल का.

दुसरं, काय जाहीर होतंय ते एकदा परक्याच्या नजरेने बघा. अंगठीची किंमत आणि ती कुठून घेतली हे कॅप्शनमध्ये नको, कारण मग लोक तुमच्यापेक्षा अंगठीबद्दल बोलतात. तुम्ही अजून त्याच ठिकाणी मुक्कामाला असाल तर जागेचं नाव जोडू नका, परतल्यावर जोडता येतं. आधी कधी विचारलं होतं आणि जमलं नव्हतं, घरच्यांचा विरोध होता, मधे काही महिने बोलणं बंद होतं, असं काही मागे असेल तर ते त्याच्या परवानगीनेसुद्धा इथे आणू नये असं माझं ठाम मत आहे. एकदा लिहिलं की ओळखीचे लोक खाली त्यावर प्रश्न विचारतात, आणि आनंदाच्या दिवशी तुम्ही खुलासे करत बसता. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं हे खरं. पण तोवर ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं, आणि कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो तुमच्या हातात नाही.

त्याने एखादी ओळ अजिबात नको म्हटलं, आणि ती नेमकी फडक्याची निघाली, तर गोष्टच बदलावी लागेल. तशा वेळी दुसरी उभी राहण्यासारखी जागा विसरलेल्या भाषणाची आहे. तिथे तो समोर होता आणि तुम्ही गप्प होतात. मात्र त्या शांततेत त्याने काय केलं, हे तुम्हाला त्याच्याकडूनच जाणून घ्यावं लागेल. तेव्हा मसुदा दाखवताना एवढं विचारून ठेवा: मी डबी उघडली आणि काहीच बोलले नाही, तेव्हा तुला काय वाटलं होतं?